मॅन्डेट ‘Active’ दिसतो, तरी एसआयपी बाउन्स का होते?

प्रश्न: दर महिन्याच्या ५ तारखेला माझ्या तीन एसआयपी आहेत: ५,०००, ३,००० आणि २,००० रुपयांच्या. पगार १ तारखेला होतो. वर्षभर सगळं सुरळीत चाललं. जूनपासून कधी एक जाते, कधी दोन जातात, ऑगस्टमध्ये तर एकही गेली नाही. प्रत्येक वेळी बँक २९५ रुपये कापते. खात्यात पैसे असतात, ५ तारखेला रात्री मी स्वतः बघते. मॅन्डेट दोनदा नव्याने केला, तो ‘Active’ दिसतो. बँक म्हणते फंडाला विचारा, फंडवाले म्हणतात बँकेला विचारा. तीन महिन्यांचं स्टेटमेंट जोडलंय. सप्टेंबरच्या ५ तारखेआधी काय करू? आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून हे नीट कसं लावायचं?

उत्तर:

तुमच्या मॅन्डेटला काहीही झालेलं नाही. घोळ तारखेचा आहे, आणि तो जूनमध्ये सुरू झालेल्या गाडीच्या कर्जामुळे झालाय. तुमच्याच स्टेटमेंटवरून हे कसं कळतं ते आधी सांगते, म्हणजे पुढच्या वेळी कॉल सेंटरच्या भरवशावर राहावं लागणार नाही.

आधी एक गोष्ट वेगळी करून घ्या. एसआयपी आणि मॅन्डेट ही दोन निरनिराळी कागदपत्रं आहेत. मॅन्डेट म्हणजे तुम्ही तुमच्या बँकेला दिलेली परवानगी: अमुक संस्थेने मागितलं तर या खात्यातून इतक्या रकमेपर्यंत पैसे द्या. एसआयपी म्हणजे फंडाला दिलेली सूचना: दर महिन्याला या तारखेला, या योजनेत, इतके रुपये घाला. फंडाकडून मागणी निघते, त्यांच्या बँकेमार्फत नॅचकडे जाते, तिथून तुमच्या बँकेत येते. नॅच ही एनपीसीआयची यंत्रणा. पूर्वी हेच काम ईसीएसने व्हायचं. मागणी आली की तुमची बँक दोनच गोष्टी बघते: परवानगी आहे का, आणि त्या क्षणी खात्यात पैसे आहेत का.

आता ते २९५ रुपये. हे २५० रुपये शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. चीड आणणारी रक्कम आहे खरी, पण सगळ्यात उपयोगाचा पुरावाही तीच आहे. शुल्क लागलं याचा अर्थ मागणी तुमच्या बँकेपर्यंत पोहोचली आणि बँकेने ती परत पाठवली. मॅन्डेट नोंदलेलाच नसता, त्याची मुदत संपली असती किंवा रक्कम त्याच्या मर्यादेबाहेर गेली असती, तर मागणी सहसा आधीच अडली असती आणि स्टेटमेंटवर ना परतीची नोंद दिसली असती ना शुल्काची. म्हणून एसआयपी गेली नाही असं कळलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा: स्टेटमेंटवर काही उमटलंय, की तिथे काहीच नाही? या एका प्रश्नाने अर्धी शक्यता बाद होते.

तुमच्याकडे उमटलंय. मग जूनची ५ तारीख ओळीने वाचूया.

४ जूनच्या रात्री शिल्लक २४,१०० रुपये. ५ तारखेला सर्वांत आधी गाडीच्या कर्जाचा १८,५०० रुपयांचा हप्ता गेला. कर्ज त्याच बँकेचं असल्याने तो दिवस उघडतानाच वळता होतो. उरले ५,६००. मग ५,००० ची एसआयपी गेली, उरले ६००. पाठोपाठ ३,००० आणि २,००० च्या मागण्या आल्या, दोन्ही परत. दोन परतींचे ५९० कापले गेले आणि खात्यात उरले दहा रुपये. संध्याकाळी १२,००० रुपये जमा झाले (नोंदीवरून घरभाडं दिसतंय). रात्री तुम्ही ॲप उघडलं तेव्हा १२,०१० रुपये दिसले. म्हणून तुम्ही म्हणता पैसे होते, आणि बँकेची यंत्रणा म्हणते नव्हते. दोघंही खरं सांगताय. फरक फक्त वेळेचा आहे.

जुलैत शिल्लक २४,३००. हप्ता गेल्यावर ५,८०० उरले. या वेळी आधी २,००० ची मागणी आली, मग ३,००० ची. दोन्ही गेल्या, उरले ८००. ५,००० ची परत आली. म्हणजे महिना बदलला की बळी जाणारी एसआयपीही बदलली, आणि त्यामुळेच तुम्हाला वाटलं की यंत्रणाच लहरी आहे. तसं नाही. एकाच तारखेच्या मागण्यांपैकी कुठली आधी येईल हे तुमच्या हातात नसतं; जी आधी येते ती पैसे नेते. ऑगस्टमध्ये सुरुवातच २०,३०० ने झाली. हप्त्यानंतर १,८०० उरले, त्यात सगळ्यांत लहान एसआयपीसुद्धा बसत नव्हती. तिन्ही परत, ८८५ रुपये शुल्क.

तीन महिन्यांत एकूण सहा परती झाल्या, त्यांचे १,७७० रुपये. या काळात प्रत्यक्ष गुंतवले गेले फक्त १०,००० रुपये. म्हणजे गुंतवलेल्या रकमेच्या जवळजवळ अठरा टक्के दंडात गेले, आणि कुठल्याही फंडाने तीन महिन्यांत ते भरून काढावेत अशी अपेक्षा करू नका. मागण्या वेगवेगळ्या जातात म्हणून शुल्कही प्रत्येक परतीला वेगळं लागतं. एका तारखेला तीन-चार एसआयपी रचून ठेवण्यातला धोका हाच.

खात्री करायची असेल तर बँकेला ‘माझी एसआयपी फेल का झाली’ असं विचारू नका. काउंटरवरच्या माणसाकडे त्याचं उत्तर नसतं, तो तुम्हाला फंडाकडेच पाठवणार. तारीख, रक्कम आणि स्टेटमेंटवर छापलेला संदर्भ क्रमांक देऊन ‘या नॅच डेबिटच्या परतीचं कारण काय नोंदलंय’ असं लेखी विचारा. प्रत्येक परतीला बँकेला ठरावीक यादीतलं एक कारण नोंदवावंच लागतं, आणि तेच कारण फंडापर्यंत जातं. तुमच्याबाबतीत ते `Balance Insufficient` असेल. फंडाच्या रजिस्ट्रारकडून, म्हणजे कॅम्स किंवा केफिनटेककडून, हप्ता नाकारल्याचा जो मेल येतो त्यातही ते असतं. हा मेल बहुतेक लोक जाहिरात समजून उडवतात. तुमच्या इनबॉक्समध्ये शोधून बघा.

एक जोडटीप. कधी कधी खात्यात पैसे खरोखर असतात, तरी `Balance Insufficient` येतं. अशा वेळी एकूण शिल्लक आणि वापरता येणारी शिल्लक या दोन आकड्यांत फरक आहे का बघावं. आयपीओसाठी अर्ज केला असेल तर तेवढी रक्कम खात्यात दिसते, पण अडकवलेली असते. तुमच्या स्टेटमेंटमध्ये तसं काही दिसत नाही.

सप्टेंबरच्या ५ तारखेआधी

घाई आहे ती ५,००० च्या एसआयपीची. मासिक एसआयपीचे सलग तीन हप्ते बाउन्स झाले की फंड ती एसआयपी स्वतःहून बंद करतो. ३,००० आणि २,००० च्या एसआयपी जूनमध्ये आणि ऑगस्टमध्ये चुकल्या, मध्ये जुलैचा हप्ता गेला, त्यामुळे त्यांची मोजणी तुटली. ५,००० ची मात्र जुलै आणि ऑगस्ट अशी सलग दोनदा परत आलीय. सप्टेंबरचा हप्ता चुकला की ती बंद होईल. त्याने आधीच्या युनिट्सना काही होत नाही, ती जागच्या जागी राहतात. पण बंद पडलेली एसआयपी तुमच्या लक्षात येईपर्यंत दोन-तीन महिने सहज जातात.

पहिला विचार मनात येतो तो एसआयपीची तारीख पगाराजवळ, म्हणजे २ किंवा ३ ला आणण्याचा. एरवी मीही हेच सांगते. तुमच्या खात्यात हे करू नका. ३ तारखेला १०,००० गेले तर ४ च्या रात्री जूनमध्ये २४,१०० ऐवजी १४,१०० उरले असते आणि ५ तारखेला १८,५०० चा कर्जाचा हप्ता बाउन्स झाला असता. एसआयपीचा हप्ता चुकला तर शुल्कावर भागतं. कर्जाचा चुकला तर दंड वेगळा, व्याज वेगळं, आणि नोंद क्रेडिट ब्युरोकडे जाते. दोघांत कुणाला तरी ताटकळायचंच असेल तर एसआयपीला ताटकळू द्या.

तुमचं गणित ५ तारखेच्या पुढे जुळतं, कारण भाड्याचे १२,००० त्या दिवशी संध्याकाळी येतात. भाडेकरू दोन-तीन दिवस मागेपुढे करणार हे धरून मी १० तारीख घेईन. पण इथे अजून एक अडचण आहे. ऑगस्टमध्ये एकही एसआयपी गेली नव्हती, तरी १० तारखेच्या सकाळी तुमच्या खात्यात साडेअकरा हजारच होते. १०,००० च्या एसआयपीसाठी दीड हजाराचा अवकाश पुरेसा नाही. एखादं विजेचं बिल किंवा डॉक्टरची फी आली की पुन्हा तेच. म्हणून माझा सल्ला असा की सध्या ५,००० आणि ३,००० या दोनच ठेवा. २,००० ची बंद करा आणि खात्यात सलग तीन-चार महिने १० तारखेला पंधरा हजारांच्या वर शिल्लक दिसली की पुन्हा सुरू करा. वरचेवर बाउन्स होणाऱ्या दहा हजारांपेक्षा न चुकता जाणारे आठ हजार बरे.

तारीख बदलण्यासाठी काही ठिकाणी थेट बदलाची सोय असते, बऱ्याच ठिकाणी नसते. नसेल तर जुनी एसआयपी रद्द करून नवी नोंदवायची. क्रम असा ठेवा. ५ तारखेच्या तिन्ही एसआयपी रद्द करण्याची विनंती ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्याआधीच टाका. शेवटच्या दिवशी टाकलेली विनंती उपयोगाची नसते, कारण डेबिटच्या फाइली काही दिवस आधीच तयार होऊन गेलेल्या असतात. रद्द झाल्याचा मेल हातात आला की मगच १० तारखेच्या दोन नव्या एसआयपी नोंदवा. उलट क्रमाने गेलात तर एखाद्या महिन्यात जुनी आणि नवी दोन्ही धावतात, आणि सध्याच्या शिलकीत ते परवडणारं नाही. नवी नोंदवताना जुनाच फोलिओ क्रमांक निवडा, नाहीतर त्याच योजनेत तुमचे दोन फोलिओ होतील आणि पुढे पैसे काढताना डोकेदुखी. नव्या एसआयपीचा पहिला हप्ता सप्टेंबरमध्ये बसतो की ऑक्टोबरमध्ये, हे त्या फंडाला नोंदणी आणि पहिल्या हप्त्यात किती दिवसांचं अंतर लागतं त्यावर ठरेल. ऑक्टोबर निघाला तर निघू द्या. मधला महिना भरून काढायचाच असेल तर हातात पैसे असतील त्या दिवशी त्याच फोलिओत एकरकमी घाला. चुकलेला हप्ता फंड सहसा नंतर पुन्हा मागत नाही.

दोनदा नवा मॅन्डेट करून काय झालं

काही झालं नाही, आणि होणारही नव्हतं. एसआयपी नोंदवताना ती ज्या मॅन्डेटला जोडली गेली, त्याच्यावरच ती चालत राहते. तुम्ही नवा मॅन्डेट केला, तो मंजूर झाला, `Active` दिसू लागला. पण तुमच्या तिन्ही एसआयपी अजून पहिल्याच मॅन्डेटवर मागणी पाठवतायत. नवा मॅन्डेट स्वतःहून जुन्या एसआयपीला चिकटत नाही, तो वेगळा जोडावा लागतो. त्यामुळे आता तुमच्या खात्यावर एकाच कामासाठी तीन परवानग्या उभ्या आहेत.

प्रत्येक मॅन्डेटला २० अक्षर-अंकांचा एक क्रमांक असतो, त्याला `UMRN` म्हणतात. गुंतवणुकीच्या ॲपमध्ये मॅन्डेटच्या पानावर तो दिसतो. नेट बँकिंगमध्येही बहुतेक बँका चालू मॅन्डेटची यादी दाखवतात. तिन्हींचे क्रमांक, मर्यादा आणि शेवटची तारीख एका कागदावर उतरवून घ्या. ज्याची मर्यादा सगळ्यांत जास्त आणि मुदत सगळ्यांत लांब, तो ठेवायचा आणि नव्या दोन्ही एसआयपी नोंदवताना तोच निवडायचा. त्यावर पहिला हप्ता यशस्वी गेला, युनिट्स मिळाली, की मगच बाकीचे दोन रद्द करा.

एसआयपी थांबवायची म्हणून बँकेत जाऊन मॅन्डेट रद्द करणारे लोक मी पुष्कळ पाहते. असं करू नये. फंडाच्या दफ्तरी एसआयपी जिवंतच राहते, आणि सलग तीन हप्ते चुकून ती बंद होईपर्यंत दर महिन्याला मागणी जाते आणि परत येते. आधी एसआयपी बंद, मग मॅन्डेट.

मॅन्डेट नीट लावायचा म्हणजे काय

तुमच्याकडचे तिन्ही मॅन्डेट कमी मर्यादेचे निघाले, किंवा पुढे कधी बँक बदलली, तर नवा करावा लागेल. तेव्हा तीन ठिकाणी लक्ष द्या, बाकी सगळं ॲप करून घेतं.

पहिली गोष्ट, रक्कम. मॅन्डेटवर लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. दर महिन्याला तेवढे कापले जात नाहीत. पण तसे कापले जातील या भीतीने लोक ५,००० च्या एसआयपीला ५,००० चाच मॅन्डेट करतात. मग वर्षाने १० टक्के वाढीची सोय लागू होते, मागणी ५,५०० ची जाते आणि अडते. त्या वेळी स्टेटमेंटवर काहीच दिसत नाही, कारण मागणी बँकेपर्यंत पोहोचलेलीच नसते. तुमच्या १०,००० च्या एसआयपी दरवर्षी १० टक्क्यांनी वाढवल्या तर पाच वर्षांनी त्या १६,१०० च्या घरात जातात. काही ठिकाणी एका दिवशीच्या सगळ्या मागण्यांची बेरीज मर्यादेशी ताडली जाते. म्हणून मी २५,००० ची मर्यादा ठेवेन. त्याहून मोठी ठेवायची गरज मला दिसत नाही.

दुसरी गोष्ट, नोंदणीची पद्धत. नेट बँकिंग, डेबिट कार्ड किंवा आधार ओटीपी वापरून केलेला ई-मॅन्डेट सहसा दोन-तीन दिवसांत मंजूर होतो. कागदी फॉर्मला दोन-तीन आठवडे लागतात, आणि तो परत येण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे सही. बँकेत वीस वर्षांपूर्वी दिलेला नमुना आणि आजची सही जुळत नाही. तरीही खातं संयुक्त असेल आणि दोघांच्या सह्यांनी चालत असेल, तर ई-मॅन्डेट होत नाही. कागदच भरावा लागतो आणि त्यावर दोघांच्या सह्या लागतात. ‘दोघांपैकी कोणीही’ असं खातं असेल तर ई-मॅन्डेट चालतो. खात्यावर तुमचं नाव असणं मात्र आवश्यकच, कारण दुसऱ्याच्या खात्यातून तुमच्या नावाने म्युच्युअल फंडात पैसे घालता येत नाहीत. नवऱ्याच्या एकट्याच्या खात्यावर मॅन्डेट लावून बायकोच्या नावाची एसआयपी चालवायचा प्रयत्न इथेच अडतो.

यूपीआय ऑटोपे हा आणखी एक मार्ग. काही सेकंदांत लागतो, ॲपमधूनच थांबवता येतो, आणि कापण्याच्या आदल्या दिवशी सूचना येते. पूर्वी १५,००० रुपयांच्या वरच्या प्रत्येक डेबिटला पुन्हा पिन लागायचा. डिसेंबर २०२३ पासून म्युच्युअल फंडासाठी ही मर्यादा एक लाख झाली. छोट्या किंवा नव्या एसआयपीला तो उत्तम. पंधरा-वीस वर्षं चालवायच्या एसआयपीसाठी मी अजूनही नॅचचाच ई-मॅन्डेट सुचवते. तो थेट खात्याशी बांधलेला असतो. फोन बदलला, यूपीआयचं ॲप काढून टाकलं, तरी त्याचा विचार करावा लागत नाही.

तिसरी गोष्ट, पैसे मागणाऱ्याचं नाव. तुम्ही एखाद्या ॲपवरून गुंतवत असाल तर स्टेटमेंटवर फंडाचं नाव दिसेलच असं नाही. बीएसईच्या मंचावरून जाणाऱ्या एसआयपीची नोंद `ACH D` आणि पुढे `INDIAN CLEARING CORP` अशी येते. ती बघून ‘ही कुठली कंपनी’ म्हणत लोक बँकेत फसवणुकीची तक्रार करतात, बँक डेबिट थांबवते, आणि पुढच्या महिन्यापासून सगळ्याच एसआयपी बंद. मॅन्डेट करताना स्क्रीनवर जे नाव दिसतं त्याचा फोटो काढून ठेवावा, एवढंच.

एसआयपीची तारीख शनिवार, रविवार किंवा सुट्टीच्या दिवशी आली तर हप्ता पुढच्या कामकाजाच्या दिवशी जातो. नॅच स्वतः ऑगस्ट २०२१ पासून आठवड्याचे सातही दिवस चालतं, त्यामुळे कर्जाचा हप्ता रविवारीही जाऊ शकतो. फंडाचा जात नाही. तेव्हा १० तारखेचे पैसे १२ पर्यंत हलवू नका.

स्टेटमेंटवर काहीच नसेल तर

तुमचा प्रश्न हा नाही, पण पुढे कधी येऊ शकतो. हप्त्याची तारीख उलटून दोन-तीन दिवस झाले, डेबिट नाही, शुल्क नाही, परतीची नोंदही नाही. अशा वेळी बँकेत जाण्यात अर्थ नाही. अडथळा बँकेच्या अलीकडे आहे. ॲपमध्ये एसआयपी उघडून ती कुठल्या `UMRN` शी जोडलीय ते बघा. तो मॅन्डेट संपलाय का, रद्द झालाय का, मर्यादा कमी पडतेय का, हे तपासा. इथे सगळं ठीक असेल तर केवायसी बघा. एप्रिल २०२४ पासून केवायसीच्या नोंदी वेगवेगळ्या दर्ज्यांत विभागल्या गेल्या. तुमची `On Hold` दिसत असेल, तर मॅन्डेट कितीही चांगला असला तरी व्यवहार होणार नाही. पॅन, आधार, मोबाइल किंवा ईमेल यांतलं जे पडताळायचं राहिलंय ते पूर्ण करावं लागतं. बँकांच्या विलीनीकरणात ज्यांचे खाते क्रमांक बदलले, त्यांनीही जुने मॅन्डेट तपासून घ्यावेत.

पैसे गेले आणि युनिट्स दिसत नाहीत, हा तिसरा प्रकार. घाबरू नका. २०२१ च्या फेब्रुवारीपासून, पैसे फंडाच्या हातात प्रत्यक्ष पडतात त्या दिवसाची एनएव्ही मिळते, आणि मध्ये एक-दोन कामकाजाचे दिवस जाऊ शकतात. त्याहून जास्त लागले तर फंडाकडे तक्रार करा. युनिट्स दिसल्यावर ५,००० च्या जागी ४,९९९.७५ गुंतवलेले दिसतील. उरलेले पंचवीस पैसे मुद्रांक शुल्काचे.

शुल्क आणि भीती

१,७७० रुपये परत मिळतील का? हक्काने नाही, कारण बँकेने नियमाप्रमाणेच केलंय. विनंती जरूर करा. पगाराचं खातं असेल तर एखाद-दुसरं शुल्क माफ होतं कधी कधी. परतीचं कारण बँक लेखी देतच नसेल, किंवा पैसे असताना बँकेने मागणी परत केली असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा बँकेच्या तक्रार विभागात नोंद करा आणि ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर जा. फंडाबद्दलची तक्रार असेल तर सेबीचं स्कोअर्स हे तक्रारींचं पोर्टल.

तुम्ही विचारलं नाही, पण या वळणावर सगळे विचारतात: एसआयपी बाउन्स झाल्याने सिबिल बिघडतं का, किंवा चेक बाउन्ससारखा खटला होतो का? एसआयपी हे कर्ज नाही, त्यामुळे ब्युरोकडे नोंद जात नाही. इलेक्ट्रॉनिक डेबिट परत येण्याचा गुन्हा २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ मध्ये आहे खरा, पण तो देणं फेडण्यासाठीच्या डेबिटला लागू होतो. तुम्ही फंडाचं काही देणं लागत नाही. मात्र पुढच्या सहा महिन्यांत गृहकर्जाचा विचार असेल तर हे लक्षात ठेवा, की कर्ज देणारी बँक तुमचं स्टेटमेंट मागते आणि त्यावरच्या सहा परती तिथल्या अधिकाऱ्याला दिसतात. त्याने विचारलं तर हे उत्तर दाखवायला हरकत नाही. त्याआधी ऑक्टोबरपासूनचे तीन स्वच्छ महिने दाखवता आले तर अधिक चांगलं.